फी थकबाकीची नोटीस: हप्ता, शेवटची तारीख आणि लेट फी पालकाला एका नजरेत कळेल अशी

‘ज्या पाल्यांची फी बाकी आहे त्यांच्या पालकांनी ती दि. 10 च्या आत भरावी, अन्यथा दंड आकारण्यात येईल.’ बहुतेक शाळांची थकबाकीची नोटीस एवढ्या एका वाक्याची असते. ती निघाली की दुसऱ्या दिवसापासून कार्यालयाच्या खिडकीवर प्रश्नांची रांग लागते. कोणता हप्ता? मी तर जूनमध्ये भरलेत ना? दहा तारखेला आलो तर चालेल की नऊलाच यायचं? दंड किती, रोजचा की एकदाच? यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात नाही. म्हणून ज्या क्लार्कच्या समोर जो पालक उभा राहील, त्याप्रमाणे उत्तर बदलतं आणि भांडण तिथून सुरू होतं.

मजकुराला हात लावण्याआधी टेबलावर तीन कागद हवेत. पहिला, चालू वर्षाचा मंजूर फी तक्ता. महाराष्ट्रात खासगी शाळांची फी ‘महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011’ नुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते. त्यामुळे नोटिशीतला आकडा त्या मंजुरीशी रुपयाने जुळला पाहिजे. दुसरा, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. हप्ते किती, तारखा कोणत्या, लेट फीचा दर काय आणि जास्तीत जास्त किती, हे सगळं त्यात नोंदलेलं असावं. ‘दंड’ लिहायचा आणि दर मुख्याध्यापकांनी तोंडी ठरवायचा, ही पद्धत तक्रार झाली की टिकत नाही. तिसरा कागद म्हणजे विद्यार्थ्याचा खातेउतारा, आणि तो बँकेच्या स्टेटमेंटशी ताळून घेतलेला.

हे ताळून घेण्याचं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि ते टाळलं की नोटीस चुकीच्या घरी जाते. आजकाल निम्मी फी यूपीआयने येते. वडिलांच्या नाही तर काकांच्या मोबाइलवरून पैसे येतात आणि शेऱ्यात नुसतं ‘स्कूल फी’ असतं. पैसे बँकेत जमा, मुलाच्या खात्यावर मात्र शून्य. अशा बेवारस जमा रकमा आधी ज्याच्या त्याच्या नावावर चढवाव्यात आणि मगच थकबाकीची यादी काढावी. पुढच्या नोटिशीपासून शेऱ्यात मुलाचा जनरल रजिस्टर नंबर टाकायला सांगावं. एकाच नावाची मुलं एकाच तुकडीत असतात, नंबर मात्र प्रत्येकाचा वेगळा.

नोटीस कोणाला जायची नाही, तेही आधी ठरवावं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12(1)(क) खाली 25 टक्के राखीव जागांवर प्रवेश घेतलेली मुलं पहिली ते आठवीच्या फीसाठी थकबाकीदार होऊच शकत नाहीत. शासनाकडून प्रतिपूर्ती आलेली नाही, हा शाळेचा आणि शासनाचा प्रश्न आहे, पालकाचा नाही. ज्यांना सवलत किंवा मुदतवाढ लेखी मंजूर झाली आहे, त्यांनाही ही सर्वसाधारण नोटीस पाठवू नये. त्यांचा आकडा आणि तारीख वेगळी असते.

आता मजकूर. समजा, वर्षाची फी 36,000 रुपये, 12,000 चे तीन हप्ते, दुसऱ्या हप्त्याची शेवटची तारीख 10 सप्टेंबर 2026 आणि लेट फी रोज 10 रुपये, एका हप्त्याला जास्तीत जास्त 300. एका पालकाने 3 सप्टेंबरला 8,000 भरले. त्याला जायची नोटीस अशी:

‘जनरल रजिस्टर नं. ____, इयत्ता 6 वी ब. दुसरा हप्ता (एकूण तीनपैकी): 12,000 रु. जमा: 8,000 रु. (3 सप्टेंबर 2026). बाकी: 4,000 रु. शेवटची तारीख: गुरुवार, 10 सप्टेंबर 2026. या दिवशी कार्यालय बंद होईपर्यंत रोख किंवा चेक, आणि रात्री 12 पर्यंत ऑनलाइन भरलेली फी वेळेत धरली जाईल. 11 सप्टेंबरपासून, पैसे भरल्याचा दिवस धरून, रोज 10 रु. विलंब शुल्क, या हप्त्यासाठी 300 रु. पेक्षा जास्त नाही. मुदतवाढ हवी असल्यास 10 सप्टेंबरपर्यंत मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा.’

या पालकाने उरलेले 4,000 समजा 22 सप्टेंबरला भरले. 11 ते 22 हे बारा दिवस, म्हणजे 120 रुपये आणि एकूण 4,120. ‘भरल्याचा दिवस धरून’ हे तीन शब्द नसते तर एका क्लार्कने अकरा दिवस मोजले असते, दुसऱ्याने बारा. दर ‘आठवड्याला 100’ असता तर हाच पालक दुसऱ्या आठवड्यात अडकून 200 रुपयांना पडला असता. आठवड्याचा दर ठेवायचा असेल तर ‘आठवडा किंवा त्याचा भाग’ असं स्पष्ट लिहावं लागतं. माझं मत विचाराल तर रोजचा छोटा दर आणि वर मर्यादा हेच बरं. मर्यादा नसली की वर्षअखेर लेट फीचाच आकडा मोठा होतो आणि पालक मूळ फी भरायलाही येईनासा होतो.

तारखेबरोबर वार लिहावा आणि कॅलेंडर बघून तारीख ठरवावी. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. वरच्या उदाहरणात 10 ऐवजी 12 सप्टेंबर ठेवला असता तर तो नेमका दुसरा शनिवार. शिवाय 14 ला गणेश चतुर्थी, आणि मुंबई-ठाण्यातली निम्मी शाळा त्याआधीच कोकणात गावी निघालेली. दिवाळीच्या सुटीत कार्यालय बंद असेल, तर त्या दिवसांची लेट फी लागणार की नाही, हेही एका ओळीत लिहावं.

चेकचा घोळ वेगळा. चेक 10 तारखेला दिला आणि वटला 15 ला, तर तारीख कोणती धरायची? चेक कार्यालयात मिळाल्याची तारीख धरावी, मागे शिक्का मारून पोच द्यावी. चेक परत आला तर फी भरलीच नाही असं समजून लेट फी 11 पासून लागेल, हे नोटिशीत आधी असावं. नंतर सांगितलं तर पटत नाही.

मुदतवाढीच्या अर्जाला फार कागद मागू नयेत. पालकाचं नाव, मुलाचा रजिस्टर नंबर, बाकी रक्कम, कारण, आणि कोणत्या तारखेला किती भरणार एवढं पुरे; मागच्या हप्त्याच्या पावतीची झेरॉक्स जोडली की कार्यालयाचं शोधाशोधीचं काम वाचतं. उत्तर मात्र लेखीच द्यावं. ‘सर हो म्हणाले होते’ याची नोंद खात्यावर करता येत नाही.

जुन्या नोटिशीतली ‘फी न भरल्यास नाव कमी करण्यात येईल’ ही ओळ काढून टाका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम 17 मानसिक छळालाही मनाई करतं. थकबाकीदारांची यादी फळ्यावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं, मुलाला वर्गात उभं करून विचारणं, हेही त्यामुळे बंद. नोटीस पालकाच्या नावाने, बंद पाकिटात किंवा त्याच्या एकट्याच्या नंबरवर जाते. त्यावर जावक क्रमांक आणि तारीख टाकून प्रत विद्यार्थ्याच्या फाइलला लावावी. रक्कम चुकीची गेली असेल तर तोंडी दुरुस्ती न करता नवीन जावक क्रमांकाने सुधारित नोटीस काढावी, आणि तिच्यात आधीच्या नोटिशीचा क्रमांक लिहून ती रद्द केल्याचं नमूद करावं.