पॅरामेट्रिक फर्निचर फॅमिली (रेव्हिट)

रेव्हिट या वास्तुरचनेच्या संगणकप्रणालीतील टेबल, कपाट इत्यादींचा असा नमुना, की ज्याची रुंदी आकृती पुन्हा न काढता केवळ आकडा बदलून कमीजास्त करता येते.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. रेषांवर भौमितिक बंधने घालण्याची सोय आयव्हन सदरलँड यांच्या स्केचपॅड या रेखाटनप्रणालीमध्ये (१९६३) होती, म्हणून काही अभ्यासक तेथवर मागे जातात. इतर जण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील प्रो/इंजिनिअर या यांत्रिक आरेखनाच्या संगणकप्रणालीकडे बोट दाखवतात. रेव्हिटची मूळ कंपनी १९९७ मध्ये स्थापन करणारे लिओनिद राइझ आणि अर्विन युंगराइस हे प्रो/इंजिनिअर घडवणाऱ्यांपैकीच असल्याने, निदान रेव्हिटपुरते, दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ऑटोडेस्कने ही कंपनी २००२ मध्ये विकत घेतली.

रुंदीचे नियंत्रण घनाकृतीकडे नसून रेफरन्स प्लेन या केवळ आखणीसाठीच्या संदर्भ-प्रतलांकडे असते. टेबलासाठी फर्निचर टेम्प्लेटमधील मध्य प्लेनच्या डावी-उजवीकडे एकेक प्लेन काढून तिन्हींना एकच सलग माप देतात व दोन्ही अंतरे समान राखणारे `EQ` लावतात. मग बाहेरच्या दोन प्लेनमधील एकूण मापाला `Width` हे लेबल देतात. `EQ` राहून गेल्यास टेबल एकाच बाजूला वाढते व प्रकल्पात मांडलेली वस्तू जागेवरून सरकल्यासारखी दिसते.

फळीच्या कडा बाह्य प्लेनना, तर पाय त्यांपासून ठरावीक अंतर आत असलेल्या प्लेनना अलाइन करून लॉक करतात. चूक बहुधा पायांत राहते: १२०० मिमी रुंदी १८०० केली, की लॉक न झालेला पाय जागीच राहतो आणि फळीची कड त्याच्यापासून ३०० मिमी दूर जाते. याउलट दोन पायांमधील अंतरही लॉक केले असल्यास ते रुंदीशी विसंगत ठरून `Constraints are not satisfied` असा इशारा येतो. म्हणून घनाकृती काढण्याआधी नुसते प्लेन, आणि नंतर प्रत्येक भाग जोडल्यावर, रुंदी कमाल व किमान मर्यादेपर्यंत ताणून पाहतात.

१५०० मिमी व त्याहून रुंद टेबलाला मधला पाय हवा असल्यास त्याच्या `Visible` गुणधर्माला होय/नाही प्रकारचा पॅरामीटर जोडून पुढील सूत्र देतात. रेव्हिटच्या सूत्रांत `>=` चालत नसल्याने अट उलटी मांडावी लागते:

```
not(Width < 1500 mm)
```

फॅमिली एडिटरमध्ये हा पाय लपवला तरी एरवी फिकट दिसत राहतो. खरा परिणाम प्रकल्पात आणून तपासावा.

`Width` टाइप पॅरामीटर ठेवल्यास १२००, १५०० व १८०० असे टाइप नोंदवता येतात. मात्र एका टाइपचा आकडा बदलताच त्या टाइपची प्रकल्पातील सर्व टेबले बदलतात. एखादेच टेबल वेगळ्या मापाचे हवे असल्यास टाइपची प्रत काढून तिला नवे नाव व माप देतात. प्रत्येक टेबल हँडल ओढून स्वतंत्रपणे ताणता यायचे असेल, तर तोच पॅरामीटर इन्स्टन्स करावा लागतो.