तीस मीटरची रेघ आणि तापीचा गाळ

यावल-चोपड्याकडे बोअर घेतली की गाळ संपता संपत नाही: माती, वाळू, गोटे, पुन्हा माती. धुळ्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणी दोन-चार पुरुष खाली गेलं की मुरूम, आणि मग काळा दगड. भूकंपाच्या नकाशावर ही दोन्ही ठिकाणं एकाच, तिसऱ्या क्रमांकाच्या झोनमध्ये. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाहून जास्त तीव्रतेचा धक्का बसला होता. तसाच पुन्हा बसला, तर दोन्हीकडची जमीन सारखी हलणार नाही.

मऊ जमिनीवर पडझड जास्त होते हे सॅन फ्रान्सिस्कोत १९०६ लाच दिसलं होतं. पण हिशेबाची निकड खरी जाणवली ती १९ सप्टेंबर १९८५ नंतर. केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर असूनही मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या चिखलावर उभ्या असलेल्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या, आणि त्याच शहरात खडकावरच्या भागात नुकसान फारच कमी झालं. त्या चिखलात शिअर वेव्ह, म्हणजे कणांना आडवं हलवत वर येणारी लाट, सेकंदाला जेमतेम ७०-८० मीटर जाते. कठीण बेसॉल्टमध्ये ती हजारावर धावते. मऊ थरात शिरताच लाटेचा वेग पडतो, ऊर्जा मात्र तीच, म्हणून हेलकावा मोठा होतो. त्यात थराचा स्वतःचा आंदोलनकाळ, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, असतो: साधारण जाडीच्या चौपट भागिले वेग. तो इमारतीच्या काळाशी जुळला, की प्रत्येक हेलकाव्याबरोबर इमारत आणखी झुलते.

भूकंपरोधक बांधकामाच्या १९९४ च्या अमेरिकी तरतुदींनी वरच्या तीस मीटरमधल्या शिअर वेव्हच्या सरासरी वेगावर जमिनीचे वर्ग पाडले: सेकंदाला १५०० मीटरच्या वर ए, खाली ७६० पर्यंत बी, ३६० पर्यंत सी, १८० पर्यंत डी, त्याहून कमी तर ई. हाच व्हीएस-३०. तीसच मीटर का, याचं उत्तर भूकंपशास्त्रात सापडत नाही. बोअरिंगचं यंत्र दिवसभरात साधारण शंभर फूट जायचं, आणि मोजमापं तेवढ्याच खोलीची हाताशी होती.

‘सरासरी’ या शब्दाचा घोळ मी रिपोर्टांत इतक्यांदा पाहिला आहे, की इथे थांबतोच. धुळ्याकडची म्हणून एक जागा कल्पू: ६ मीटर काळी माती, वेग १५०, ४ मीटर मुरूम, ३५०, खाली २० मीटर दगड, १२००. जाडीनुसार साधी सरासरी काढली तर ८७७ येते, वर्ग बी, म्हणजे खडक. पण इथे सरासरी वेळेची धरायची असते. लाटेला काळ्या मातीत ०.०४० सेकंद लागतात, मुरमात ०.०११, दगडात ०.०१७, मिळून ०.०६८. तीस भागिले ०.०६८ म्हणजे सुमारे ४४०, वर्ग सी. निम्म्याहून जास्त वेळ त्या सहा मीटर मातीतच जातो, आणि साध्या सरासरीत नेमकी तीच माती झाकली जाते.

आता तापीकाठची जागा: ५ मीटर १८० चे, १० मीटर २५० चे, १५ मीटर ३५० चे. उत्तर २७१, वर्ग डी. कागदावर ही जागा धुळ्याच्या जागेहून वाईट. पण धुळ्यात दगडावरच्या दहा मीटरांचा आंदोलनकाळ ०.२ सेकंदाच्या आसपास, म्हणजे एक-दोन मजली घरांचा. तापीकाठी गाळ शंभर मीटर खोल आणि तिशीच्या खालचा वेग ४५० धरला, तर काळ एक सेकंदाच्या वर जातो. तिथे दहा-बारा मजल्यांना धोका, बैठ्या घरांना त्या मानाने कमी. आणि हा काळ ठरवणारा निम्म्याहून जास्त गाळ तीस मीटरच्या रेघेखालीच राहिला. तापी खोऱ्यासाठी ती रेघ अपुरी आहे, असं माझं स्पष्ट मत.

आपल्याकडे २००१ च्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत, साबरमतीच्या गाळावर, इमारती पडल्या. तरी २००२ च्या भारतीय भूकंप संहितेने जमिनीचे तीन प्रकार ठरवले ते एसपीटी चाचणीच्या एन व्हॅल्यूवर, म्हणजे बोअरच्या तळाशी नळी ३० सेंटीमीटर ठोकायला किती ठोके लागतात त्यावर: ३० च्या वर कठीण, १० च्या खाली मऊ, मधली मध्यम. २०१६ मध्ये तीस मीटरची भारित सरासरी आली, पण तीही एनचीच. खानदेशात याची अडचण रोजची आहे. नळी मुरमात किंवा गोट्यांत अडली की ‘रिफ्यूजल’ लिहून बोअर थांबते, आणि बेसॉल्टच्या दोन थरांमधली मऊ तांबडी माती मोजायचीच राहते.

जमिनीवर हातोडा मारून जिओफोनच्या, म्हणजे जमिनीचं कंपन टिपणाऱ्या उपकरणांच्या, रांगेने पृष्ठलाटा टिपण्याची आणि त्यांवरून खालचे वेग काढण्याची पद्धत त्यावर उतारा म्हणून आली. पण हातोड्याच्या ठोक्यात खोलवर पोचणाऱ्या, मंद कंपनाच्या लांब लाटा फारशा नसतात. गाळात कित्येकदा वीस मीटरच्या खालचं चित्र मोजलेलं नसतं, सॉफ्टवेअरने पुढे ओढलेलं असतं. ते ओळखायला आलेखातली सर्वांत लांब लाट बघावी. तिच्या लांबीच्या निम्म्याहून खोल दाखवलेला वेग मी धरत नाही. दगडाखाली मऊ थर असेल तर ही पद्धतही फसते, तिथे बोअरमध्ये जिओफोन उतरवूनच मोजावं लागतं.