पट्ट्यामागचं कारण: तीन आठवड्यांच्या प्रोग्रॅमला टिपण का जोडावं लागतं

साइट ऑफिसच्या पत्र्याच्या भिंतीवर दर सोमवारी एक कागद लागतो, कामाचा प्रोग्रॅम. डावीकडे कामांची नावं, वर एकवीस तारखा आणि मधे आडवे पट्टे. पुढच्या तीन आठवड्यांत कोणी कधी काय करायचं ते त्यावरून कळतं. आमच्या जुळे सोलापुरातल्या पाच मजली इमारतीवर गेल्या वर्षापासून या कागदाला दीड पानाचं टिपणही जोडलेलं असतं. नवीन येणारा ठेकेदार हमखास विचारतो, तक्ता आहे ना, मग हे कशाला? त्या प्रश्नाचं उत्तर थोडं जुनं आहे.

पट्ट्यांचा तक्ता हेन्री गँट यांच्या नावानं ओळखला जातो. 1910 च्या दशकात त्यांनी तो अमेरिकेत रूढ केला. त्याआधी 1896 मध्ये पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की यांनी तशीच आखणी केली होती, पण ते लेखन पोलिश आणि रशियन भाषांत राहिल्यामुळे श्रेय गँट यांच्याकडे गेलं. या तक्त्यातून काम कधी सुरू होतं आणि कधी संपतं ते दिसतं. ते त्याच दिवशी का सुरू होतं, हे मात्र दिसत नाही. एक पट्टा संपला आणि दोन दिवसांनी दुसरा सुरू झाला, तर मधले दोन दिवस काँक्रीटला हवे होते, माणसं नव्हती की आखणाऱ्यानं सवड म्हणून सोडले, हे कागदावरून ओळखता येत नाही.

ही उणीव भरून काढली क्रिटिकल पाथ पद्धतीनं. 1957 मध्ये ड्यूपाँट कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ती बसवली. कोणतं काम कशावर अवलंबून आहे हे तिथं आधी सांगावं लागतं, तारखा त्यातून निघतात. 1961 मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन फॉन्डाल यांनी हीच पद्धत काँप्युटरशिवाय, हातानं करता येईल अशी मांडली, ती खास बांधकामवाल्यांसाठी. म्हणजे कारणं कागदावर आली. पण ती आली ऑफिसातल्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये. साइटवर छापताना जोडणीच्या रेषा बंद करतात, नाहीतर कागदाचं कोळ्याचं जाळं होतं. स्लॅबखालचा साचा आणि टेकू उभारणाऱ्या सेंट्रिंगवाल्याच्या हातात पडतात ते परत नुसते पट्टेच.

कारणं शब्दांत लिहून देण्याची पद्धत करारांत आली खरी, पण तिची दिशा उलटी होती. फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या रेड बुक या नमुना करारात कलम 8.3 खाली ठेकेदारानं प्रोग्रॅमसोबत एक अहवाल द्यायचा असतो: काम कोणत्या पद्धतीनं होणार, टप्पे कोणते, माणसं आणि यंत्रं अंदाजे किती. हा अहवाल जातो वर, इंजिनिअरकडे. उद्या उशीर झाला आणि वाद झाला, की तोच पुरावा म्हणून पुढे येतो. त्यामुळे त्याची भाषाही वकिलाला चालेल अशी होत गेली. ज्या मुकादमाला सकाळी आठ वाजता ठरवायचं असतं की आज कोणत्या खोलीत शिरायचं, त्याच्यासाठी तो कधी लिहिलाच गेला नाही.

दिशा बदलली ती 1990 च्या दशकात. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी साइटवर मोजणी केली, तेव्हा आठवड्याच्या सुरुवातीला कबूल केलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच आठवडाअखेर पूर्ण झालेली निघाली. त्यातून त्यांनी 'लास्ट प्लॅनर' पद्धत उभी केली. व्हायला हवं ते काम आणि होऊ शकतं ते काम यांत तिनं फरक केला. पुढच्या काही आठवड्यांतल्या प्रत्येक कामाला काय अडतंय ते आधी शोधायचं आणि अडसर काढल्याशिवाय ते काम कोणाच्या गळ्यात टाकायचं नाही. फिनलंडच्या लाउरी कोस्केला यांनी अडसरांची यादी सात गोष्टींची केली: ड्रॉइंग, माल, माणसं, यंत्रं, जागा, आधीचं काम आणि बाहेरची परिस्थिती. पुढे किती आठवडे बघायचं, हे अडसर काढायला लागणाऱ्या वेळावर ठरतं. मोठ्या कामांवर सहा आठवडे धरतात. आमच्यासारख्या इमारतीला तीन पुरतात, कारण आमचा सगळ्यात लांबचा नेहमीचा अडसर म्हणजे विजयपूरकडून गवंड्यांची टोळी बोलावणं, आणि त्याला दहा-बारा दिवस लागतात.

आमच्याकडे टिपण सुरू झालं ते एका चुकीमुळे. ती चूक बरीचशी माझी होती, म्हणून सविस्तर सांगतो.

गेल्या एप्रिलमध्ये तिसरा स्लॅब 6 तारखेला टाकला. त्याखालच्या मजल्यावर ब्लॉकचं बांधकाम आणि वर चौथ्या स्लॅबची सेंट्रिंग, दोन्ही याच तीन आठवड्यांत होतं. चौथा स्लॅब 25 ला टाकायचा होता. माझ्या तक्त्यात 'टेकू काढणे, बेडरूम' हा पट्टा 16 तारखेला होता आणि हॉलसाठी पट्टाच नव्हता, कारण तो एकवीस दिवसांच्या पलीकडे जात होता. मला ते उघड वाटत होतं. सेंट्रिंगच्या ठेकेदाराला नव्हतं. त्यानं वर्षानुवर्षांच्या हिशोबानं चौदा दिवस मोजले, 20 तारखेला हॉलचे टेकू काढले आणि वर चौथ्या स्लॅबखाली लावले. 21 ला सकाळी फेरी मारताना मला हॉल मोकळा दिसला.

त्याचे चौदा दिवस हवेतून आलेले नव्हते. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे चौदा दिवसांनी काढायला सांगितलंय. पण हे आकडे साध्या पोर्टलँड, म्हणजे ओपीसी सिमेंटचे आहेत. आम्ही वापरतो पीपीसी, राख मिसळलेलं सिमेंट. ते हळू ताकद धरतं, म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे मुदत दहा-सप्तमांश पट धरायची. सातचे दहा होतात, चौदाचे वीस. बेडरूमची 16 तारीख अशी आली. हॉल 4.8 मीटरचा, म्हणून त्याची 26. आणि तीही खरी तारीख नव्हे. आदल्याच दिवशी वर ओलं काँक्रीट पडणार होतं. पाच इंची स्लॅबच्या एका चौरस मीटरचं वजन तीनशे किलोच्या थोडं वर जातं, त्यात प्लेटा आणि माणसं वेगळी. घराच्या खोलीसाठी डिझाइनमध्ये वापराचा भार साधारण दोनशे किलो धरलेला असतो. एकोणीस दिवसांच्या स्लॅबनं टेकूशिवाय हे झेलावं, ही अपेक्षाच चूक. म्हणून वरचा स्लॅब स्वतःचा भार उचलेपर्यंत खालचे टेकू हलवायचे नसतात, आणि बेडरूममध्येही मधली एक ओळ ठेवावीच लागते.

टेकू परत लावले. तेही हलक्या हातानं, कारण जॅक जोरात फिरवला तर स्लॅब खालून उचलला जातो आणि नको तिथं ताण येतो. पुन्हा लावल्यानं आधी आलेला बाक निघत नाही, एवढंच की पुढचा भार वाटला जातो. टेकू वरून खाली आणले तेव्हा वर तुटवडा पडला, बाहेरून भाड्यानं आणावे लागले आणि चौथा स्लॅब 25 चा 29 ला गेला.

त्यानंतर मी टिपण लिहायला लागलो. लिहिताना लक्षात आलं, की प्रत्येक तारखेमागचं कारण एका जातीचं नसतं. काँक्रीटच्या वयाची तारीख घासाघीस करून पुढे-मागे होत नाही. टेकूंच्या संख्येवरची तारीख होते: ठेकेदारानं आणखी अर्ध्या मजल्याचा संच आणला तर वरची सेंट्रिंग चार दिवस आधी उभी राहते, आणि ते मी टिपणात तसंच लिहितो. तिसरी जात माझ्या निवडीची. बांधकाम पूर्वेच्या गाळ्यापासून सुरू करायचं, कारण लिफ्टची होइस्ट तिकडे आहे. गवंड्यांना पश्चिमेकडून बरं पडत असेल तर मी ऐकून घेईन. नुसत्या पट्ट्यात या तिन्ही तारखा सारख्याच दिसतात. मग होतं उलटंच: माणसं काँक्रीटची तारीख ओढून बघतात आणि माझ्या लहरीची तारीख निमूट पाळतात.

पहिल्याच टिपणात सगळ्यात जास्त जागा पाण्यानं खाल्ली. पीपीसीच्या स्लॅबला किमान दहा दिवस ओलं ठेवायचं, चौदा ठेवले तर उत्तम, आणि सोलापुरात तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, बोअरला भरवसा नाही, म्हणून टँकर. स्लॅबवर आळी करून पाणी साठवलं की वरच्या सेंट्रिंगवाल्याला टेकू टेकवायला कोरडी जागा राहत नाही. त्यामुळे आम्ही स्लॅबचे दोन भाग केले: टेकू जिकडे आधी उभे राहणार तिकडे गोणपाट भिजवून, उरलेल्या भागात आळी. तक्त्यात हे एका पट्ट्यात मावलं असतं, पण कोणत्या भागात काय आणि कोणत्या दिवसापर्यंत, हे मावलं नसतं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. टिपण वाचायला दिलं तर ते खिशात जातं. आमच्याकडे सेंट्रिंगची टोळी आपसात तेलुगू बोलते, गवंडी कन्नड, इलेक्ट्रिशियन मराठी. सोमवारी चहाच्या वेळी ते मी हिंदी-मराठीत मोठ्यानं वाचतो आणि मुकादम आपापल्या भाषेत टोळीला सांगतात. वाचताना जिथं कोणी मधेच थांबवतं, तीच ओळ कच्ची असते.

परवा असंच झालं. मी वाचलं की भिंतीचा शेवटचा थर आत्ता भरायचा नाही, स्लॅबखाली बोटभर फट ठेवायची. वरचा स्लॅब टाकल्यावर आणि टेकू निघाल्यावर खालचा स्लॅब किंचित बसतो, फट नसेल तर तो भार भिंतीवर येऊन ब्लॉकला तडे जातात. गवंड्यांचे मुकादम म्हणाले, "साहेब, ते समजलं. पण अर्धवट भिंत बिलात कोण धरणार?" त्यांचा दर चौरस फुटावर आहे आणि मोजमाप घेणारा पूर्ण भिंतच मोजतो, म्हणजे तो थर राहिला की पूर्ण भिंतीचे पैसे महिनाभर अडकतात. त्या दिवशी टिपणात आणखी एक ओळ आली: शेवटच्या थराखालपर्यंतची भिंत चालू बिलात मोजायची, थराचे पैसे तो भरल्यावर. त्यावर बिलिंगवाल्याची सही घेतली आणि कागद भिंतीवर लावला.