ठपका न ठेवणारं पोस्ट-मॉर्टेम आलं कुठून?

आयटी ऑपरेशन्समध्ये एखादा मोठा आउटेज निस्तरला की चार-आठ दिवसांत पोस्ट-मॉर्टेमचा, म्हणजे काय बिघडलं याच्या चौकशीचा, एक स्लाइड-डेक फिरू लागतो. आधी टाइमलाइन, मग रूट कॉज, शेवटी करेक्टिव्ह अ‍ॅक्शन्स, आणि पहिल्याच स्लाइडवर कुठेतरी बारीक अक्षरात 'ब्लेमलेस'. हा शब्द अनेकांना सौजन्याचा वाटतो, कुणाला वाईट वाटू नये म्हणून घातलेला. पण त्याचं मूळ विमानांच्या कॉकपिटमध्ये आहे, आणि तिथे प्रश्न वाईट वाटण्याचा नव्हताच.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बी-१७ बॉम्बफेकी विमानांचा एक विचित्र अपघात पुन्हा पुन्हा होत होता. विमान सुखरूप उतरायचं, धावपट्टीवर धावू लागायचं आणि वैमानिक पंखांचे फ्लॅप आत घेण्याऐवजी चाकंच आत घ्यायचा. विमान पोटावर आपटायचं. नोंद व्हायची 'वैमानिकाची चूक'. १९४३ मध्ये अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट तपासलं, तेव्हा दिसलं की फ्लॅपचा आणि चाकांचा खटका शेजारी-शेजारी होता आणि दोन्ही दिसायला, हाताला अगदी सारखे. सी-४७ विमानात खटक्यांची रचना वेगळी होती, तिथे हा प्रकार होत नव्हता. चापानिसने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. अपघात थांबले. वैमानिकांना कितीही समज दिली असती तरी हे झालं नसतं.

दुसरा धडा माहिती दडून राहण्याचा. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए ५१४ हे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे येताना डोंगरावर आदळलं आणि ९२ जण गेले. उतरण्याची परवानगी देणाऱ्या एका वाक्याचा अर्थ कंट्रोलर एक घेत होते आणि वैमानिक दुसरा. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढे कळली: सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं एक विमान याच गैरसमजातून त्याच डोंगराजवळ खाली आलं होतं आणि थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, आणि बातमी तिथेच थांबली. १९७६ मध्ये यातून एक नोंद-व्यवस्था उभी राहिली. वैमानिक आपली चूक स्वतः कळवतो, त्याचं नाव नोंदीतून काढलं जातं, आणि चूक हेतुपुरस्सर नसेल तर शिक्षेतून सूटही मिळते. ती चालवायला दिली नासाकडे, कारण दंड करणाऱ्या खात्याकडे कुणी खरं लिहिलं नसतं. मर्यादाही स्पष्ट ठेवल्या: प्रत्यक्ष अपघात आणि गुन्हे या सवलतीत बसत नाहीत. 'ब्लेमलेस म्हणजे काहीही केलं तरी चालतं' असं म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य वाचावं.

सॉफ्टवेअरच्या जगात ही कल्पना रुळली ती मुख्यतः २०१२ नंतर, एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेच्या जॉन ऑलस्पॉ यांनी तिथली पद्धत लिहून काढली तेव्हापासून. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याच्या हातून कमांड गेली त्याला त्या क्षणी काय दिसत होतं, काय अपेक्षित होतं आणि ती कृती बरोबर का वाटली, हे त्याच्याच तोंडून ऐकायचं. शिक्षेची भीती असेल तर तो तपशील गाळून सांगणार, आणि बिघाड नेमका त्याच तपशिलात असतो.

हे कागदावर कसं उतरतं ते पाहायला कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबचा ३१ जानेवारी २०१७ चा प्रसंग अजूनही सगळ्यात उपयोगी आहे, कारण त्यांनी सगळं उघडपणे मांडलं. संध्याकाळपासून डेटाबेसवर लोड वाढला होता. स्पॅमचा संशय होता. २३:०० यूटीसीच्या सुमारास मुख्य डेटाबेसवरून दुय्यम सर्व्हरकडे जाणारं रेप्लिकेशन तुटलं. ते पुन्हा जोडायला दुय्यम सर्व्हरवर नवी प्रत घ्यावी लागते. त्यासाठीचं `pg_basebackup` चालवलं की ते नुसतं थांबून राहायचं. ना प्रगती, ना एरर. खरं तर ते मुख्य सर्व्हरकडून डेटा सुरू व्हायची वाट पाहत होतं, पण स्क्रीनवर तसं काहीच येत नव्हतं. आधीच्या प्रयत्नांतल्या अर्धवट फाइल्स अडथळा करत असाव्यात असं वाटून २३:३० च्या आसपास इंजिनिअरने डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की हा सर्व्हर `db2` नाही, `db1` आहे, म्हणजे मुख्य. कमांड थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते.

टाइमलाइन हिशेबाने लिहावी लागते ती इथे. '२३:३०: इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसला' ही ओळ खरी आहे, पण वाचणाऱ्याला तिथेच थांबवते. '२३:३०: टूल काहीच सांगत नाही, सर्व्हरच्या नावात एका आकड्याचा फरक' असं लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. गिटलॅबच्या अहवालात इंजिनिअरच्या नावाऐवजी 'टीम-मेंबर-१' आहे.

रूट कॉजच्या स्लाइडवर मात्र मला नेहमी शंका येते, कारण 'कॉज' एकवचनी आहे. डेटा पुसला जाणं हा अर्धाच भाग. तो परत का आणता येईना, हा उरलेला. रोजचा बॅकअप `pg_dump` ने घेतला जायचा, पण ज्या सर्व्हरवर तो चालायचा तिथे ९.२ आवृत्ती वापरली जात होती आणि डेटाबेस होता ९.६. त्यामुळे बॅकअप रोज फसत होता. फसल्याचे ईमेल जात होते, पण ईमेल खरंच त्याच पत्त्यावरून आला का हे तपासणारी डीएमएआरसी व्यवस्था त्यांच्यासाठी लावलेली नसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. बॅकअप ठेवायची जागा उघडली तर ती रिकामी. अखेर कामी आला तो साधारण सहा तासांपूर्वी एका इंजिनिअरने वेगळ्याच चाचणीसाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. म्हणजे वाचवलं ते योगायोगाने. तो हळू चालणाऱ्या डिस्कवरून उतरवण्यातच बराचसा दिवस गेला, आणि मधल्या सहा तासांतला डेटा कायमचा गेला.

डेकच्या स्वरूपालाही एक काळा डाग आहे. २००३ च्या कोलंबिया अवकाशयान दुर्घटनेच्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात पॉवरपॉइंटवर मुद्दाम टीका केली. फेसाच्या तुकड्याने यानाला झालेल्या आघाताबद्दलची सगळ्यात महत्त्वाची शंका एका स्लाइडवर खालच्या पातळीच्या बुलेटमध्ये बारीक अक्षरात दडली होती आणि वरचं शीर्षक दिलासा देत होतं. म्हणून जाणत्या टीम आधी सलग परिच्छेदांत अहवाल लिहितात आणि डेक त्यातून काढतात. उलट केलं की 'बॅकअप उपलब्ध नव्हता' एवढी एकच ओळ उरते आणि नाकारलेला ईमेल गळून पडतो.

करेक्टिव्ह अ‍ॅक्शनच्या स्लाइडवर 'अधिक काळजी घेणे' असं दिसलं की ओळखावं, चौकशी २३:३० लाच थांबली. गिटलॅबच्या यादीत सर्व सर्व्हरचे प्रॉम्प्ट बदलण्याचं काम होतं, म्हणजे कुठल्या मशीनवर आहोत ते टाइप करतानाच दिसावं. चापानिसचं रबरी चाकच ते, फक्त टर्मिनलमधलं. आणि बॅकअपबद्दल 'का?' विचारत ते शेवटच्या प्रश्नापर्यंत गेले: परत आणण्याची पद्धत नियमित तपासली का जात नव्हती? उत्तर होतं, ते काम कुणाच्याच नावावर नव्हतं.