लिफ्टच्या दुरुस्तीचं वेळापत्रक मागणाऱ्या पत्रामागची पार्श्वभूमी

मुलुंडमधल्या आमच्या इमारतीला तळमजला आणि वर सात मजले आहेत, लिफ्ट मात्र एकच. तीही जुनी, जाळीच्या दरवाजाची. ती वारंवार बंद पडते म्हणून सभासदांनी सह्या करून कार्यकारिणीला पत्र दिलं आहे. ‘लिफ्ट लवकर दुरुस्त करा’ अशी विनंती त्यात नाही. मुख्य मागणी अशी आहे: “कोणत्या तारखेला कोणतं काम होणार, त्यासाठी लिफ्ट किती तास बंद राहणार आणि कोणते भाग बदलले जाणार, याचं वर्षभराचं वेळापत्रक सूचना फलकावर लावावं.” तक्रारीऐवजी वेळापत्रक का मागावं लागलं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

मुंबईत लिफ्टसाठी स्वतंत्र कायदा झाला १९३९ साली. मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहत होत्या तो हा काळ. लिफ्ट बसवण्याआधी सरकारची परवानगी, चालवण्याआधी परवाना आणि पुढे निरीक्षकाकडून तपासणी, अशी चौकट त्या कायद्याने घालून दिली. त्याची जागा २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने घेतली. त्यात सरकते जिनेही आले. पण दोन्ही कायद्यांचा मुख्य प्रश्न एकच आहे: ही लिफ्ट सुरक्षित आहे का? ती महिन्यातून कितीदा बंद पडते, हे त्यात विचारलं जात नाही. किंबहुना मधेच थांबणारी लिफ्ट कायद्याच्या नजरेतून आपलं काम चोख करत असते.

आमच्या लिफ्टचं नेमकं तेच होतं. जाळीच्या लिफ्टला प्रत्येक मजल्यावरच्या दरवाजाला एक लॉक असतं आणि त्यात विजेचा एक छोटा कॉन्टॅक्ट असतो. सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट एकाच तारेत, एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यातला एक जरी सुटला तरी वीज तुटते आणि लिफ्ट असेल तिथे थांबते. दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलू नये म्हणून ही सोय आहे आणि ती हवीच. पण लॉक झिजलं की दरवाजा नीट लागलेला दिसतो आणि कॉन्टॅक्ट मात्र जेमतेम टेकलेला असतो. लिफ्ट त्या मजल्यावरून जाताना हादरा बसतो, कॉन्टॅक्ट क्षणभर सुटतो आणि आतला माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने कॉन्टॅक्टवर गंज चढतो, मग हा त्रास आणखी वाढतो.

मेकॅनिक येतो तेव्हा लिफ्ट बहुतेक वेळा चालूच झालेली असते. तो कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासतो, दोन-चार फेऱ्या मारून बघतो, वहीत ‘ओके’ लिहितो आणि जातो. त्यात त्याची चूक नाही, त्याला बोलावलेलंच तेवढ्यासाठी असतं. पण दर वेळी घासल्यावर कॉन्टॅक्टची पत्री आणखी पातळ होते.

पूर्वी आमच्याकडे लिफ्टमन होता. दिवसभर तोच आत बसायचा, त्यामुळे कुठल्या मजल्याचं लॉक कुरकुरतंय, लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं वर थांबतेय का, हे त्याला बिघाडाच्या आधी कळायचं आणि तो सेक्रेटरींच्या कानावर घालायचा. खर्च वाचवायला ती जागा बंद झाली आणि फोन करण्याचं काम वॉचमनवर आलं. वॉचमन फक्त ‘लिफ्ट बंद आहे’ एवढंच सांगू शकतो. कोणत्या मजल्यावर, हे कोणी टिपून ठेवत नव्हतं.

म्हणून पत्राच्या आधी काही सभासदांनी वॉचमनच्या टेबलावर एक वही ठेवली. तारीख, वेळ, लिफ्ट कुठे थांबली, वर जात होती की खाली, आणि पुन्हा कशी चालू झाली, एवढंच त्यात लिहायचं. पावसाळा संपेपर्यंत चित्र स्पष्ट झालं. बहुतेक नोंदी तिसऱ्या मजल्याच्या आसपासच्या होत्या आणि ‘दरवाजा हलवल्यावर चालू झाली’ हे वाक्य पुन्हा पुन्हा आलं होतं. मोटर, दोर आणि ब्रेक यांच्याकडे बोट दाखवणारं त्यात काही नव्हतं. हीच वही पत्राला जोडली आहे.

मग लॉक आधीच का बदललं नाही? याचं उत्तर करारात आहे. आमचा देखभालीचा वार्षिक करार साधा आहे. दरमहा तेलपाणी, साफसफाई आणि बोलावल्यावर येणं, इतकंच त्यात येतं. सुटे भाग वेगळे. म्हणजे कोटेशन येणार, ते कार्यकारिणीच्या सभेत जाणार, तोवर लिफ्ट चालू झालेली असणार आणि विषय पुढच्या सभेवर जाणार. सगळे भाग धरणारा करारही मिळतो, पण तो महाग पडतो. त्यात तळमजल्याचे सभासद विचारतात की आम्ही वापरत नाही तर पैसे का द्यायचे. आदर्श उपविधींत याचं उत्तर आहे: ज्या इमारतीला लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी, वापर असो वा नसो, लिफ्टचा खर्च सारखा वाटून घ्यायचा. तरी दर वर्षी सर्वसाधारण सभेत हा वाद होतोच.

पत्रातला सर्वांत कळकळीचा मुद्दा वेगळाच आहे. लिफ्ट अवेळी बंद पडली की सगळ्यांचा एकच तगादा असतो, ‘काहीही करा, पण चालू करा.’ या दबावाखाली झिजलेलं लॉक तारेने जोडून बायपास केलं जाऊ शकतं. मग लिफ्ट सुरळीत चालते, पण दरवाजा उघडा असतानाही चालते. लहान मूल दरवाजा ओढून आत पाऊल टाकेल आणि समोर लिफ्टच नसेल. याचं भय वाटायलाच हवं. म्हणून पत्रात स्पष्ट लिहिलं आहे की कोणत्याही मजल्याचा दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलताना दिसली, तर वॉचमनने तिचा मेन स्विच लगेच बंद करावा, आणि तंत्रज्ञाने लेखी दिल्याशिवाय तो पुन्हा लावू नये.

सुचवलेलं वेळापत्रक साधं आहे. आठही मजल्यांची लॉकं जूनच्या आत, दोन दिवसांत, रोज चार अशी बदलायची. एकट्या तिसऱ्या मजल्याचं बदलून भागणार नाही, कारण बाकीची त्याच वयाची आहेत. लिफ्टखालच्या खड्ड्यात पाणी साठतं का, हे पहिल्या मोठ्या पावसानंतर बघायचं. दोर आणि ब्रेकची तपासणी सहा महिन्यांनी, आणि मासिक देखभाल दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ११ ते १. मंगळवारच का? सहाव्या मजल्यावरच्या काकूंना सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी डायलिसिसला जावं लागतं. त्या दिवशी लिफ्ट बंद असेल तर त्यांना खुर्चीवरून उचलून खाली आणावं लागतं, आणि परत येताना त्यांच्या अंगात त्राण नसतं. तारीख आधी माहीत असेल तर त्यांच्या मुलाला सुट्टीही आधी टाकता येते.

उपविधींप्रमाणे सभासदाच्या तक्रारीवर कार्यकारिणीने पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा असतो आणि तो १५ दिवसांत कळवायचा असतो. पत्राची पोच सही-शिक्क्यासह घेतली आहे. देखभालीच्या कराराचं नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे, त्यामुळे वेळापत्रक त्याआधी मंजूर झालं तर ते करारातच अट म्हणून घालता येईल आणि ठरलेल्या तारखेला काम झालं नाही तर त्या महिन्याचं बिल रोखता येईल.