रिटचिंगमध्ये पट्टे, चौकडी आणि साडीचा काठ जुळवणे

छायाचित्रात नक्षीदार कापडासमोर आलेली वस्तू काढून टाकल्यावर मागे राहिलेल्या रिकाम्या जागेत कापडाचे पट्टे, चौकडी किंवा काठाची वेल दोन्ही बाजूंच्या नक्षीशी अचूक जुळेल अशी भरून घेणे, हे रिटचिंगमधले एक स्वतंत्र काम मानले जाते. भिंत, आकाश किंवा गवत भरताना रंग आणि पोत जुळला की काम भागते. नक्षीदार कापडात तेवढ्याने भागत नाही, कारण तिथे मोजदाद असते. डावीकडून येणारा तिसरा पट्टा उजवीकडे तिसराच निघायला हवा, आणि पाहणाऱ्याने पट्टे मोजले नाहीत तरी चुकलेला पट्टा त्याच्या डोळ्याला खटकतोच.

म्हणूनच आपोआप भरणारी साधने इथे फसतात. फोटोशॉपमधले कंटेंट-अवेअर फिल आसपासचे तुकडे उचलून बसवते, पण आवर्तने मोजत नाही. त्यामुळे अर्धी बुट्टी किंवा मध्येच जाड झालेला पट्टा हाती येतो. हीलिंग ब्रशची अडचण वेगळी आहे. तो भरलेल्या भागाचा रंग कडेच्या रंगात मिसळतो, त्यामुळे कडेला गडद पट्टा असेल तर त्याचा रंग शेजारच्या फिकट पट्ट्यात उतरून मळकट डाग पडतो. नक्षीसाठी क्लोन स्टॅम्प वापरावा, किंवा कापडाचा तुकडा वेगळ्या लेयरवर घेऊन तो बसवावा. हीलिंग ब्रश शेवटी, एकाच रंगाच्या पट्ट्याच्या आतल्या डागांपुरताच ठेवावा.

कामाची सुरुवात मोजण्यापासून होते. एक उदाहरण घेऊ. जमिनीवर बसलेल्या व्यक्तीची पैठणी समोर पसरली आहे आणि तिच्या मुनिया, म्हणजे पोपटांच्या, काठाचा काही भाग फुलदाणीने झाकला आहे. काठातल्या प्रत्येक पोपटामागे एक बारीक मोकळी फट आहे, आणि एका फटीपासून पुढच्या फटीपर्यंतचे अंतर म्हणजे एक आवर्तन. फुलदाणीच्या डावीकडचे शेवटचे पूर्ण आवर्तन 170 पिक्सेल भरते आणि उजवीकडचे पहिले 146. मधले झाकलेले अंतर, म्हणजे डावीकडच्या शेवटच्या दिसणाऱ्या फटीपासून उजवीकडच्या पहिल्या फटीपर्यंत, 474 पिक्सेल आहे. 170 पासून 146 पर्यंत सारख्या टप्प्यांनी उतरत गेले तर मधली आवर्तने 164, 158 आणि 152 येतात आणि त्यांची बेरीज 474 होते. म्हणजे तीन पोपट झाकले गेले आहेत आणि कापड सपाट आहे.

आता काठाची रुंदी दोन्ही बाजूंना मोजावी. ती जवळजवळ सारखीच असेल, तर कापड कॅमेऱ्यापासून लांब गेलेले नाही, फक्त तिरके वळले आहे. अशा वेळी पोपट लांबीतच आक्रसायचे, उंचीत नाही. रुंदीही त्याच प्रमाणात कमी झाली असेल, तर दोन्ही दिशांनी लहान करायचे. इथे रुंदी सारखीच आहे असे धरू. डावीकडचे 170 चे आवर्तन फटीपासून फटीपर्यंत निवडून तीनदा नव्या लेयरवर घ्यावे आणि `Ctrl+T` दाबून लांबी अनुक्रमे 96.5, 93 आणि 89.5 टक्के करावी. तुकडा नेहमी मोठ्या बाजूने घेऊन लहान करावा. लहान तुकडा ताणला की जरीचे धागे भुरकट होतात आणि शेजारच्या खऱ्या जरीपुढे ते लगेच उघडे पडतात. तुकड्याचे स्मार्ट ऑब्जेक्ट केले, तर तो पुन्हा पुन्हा फिरवूनही प्रत्येक वेळी खराब होत नाही. पोपट उलटा करून वापरण्याचा मोह टाळावा. त्याची चोच दुसरीकडे वळते आणि जरीवरचा उजेडही चुकीच्या बाजूने येतो.

खरी कसोटी लागते ती हिशेब जुळत नाही तेव्हा. समजा, त्याच काठात झाकलेले अंतर 474 ऐवजी 400 भरले. दोन पोपट बसवले तर 84 पिक्सेल उरतात आणि तीन बसवायला 74 कमी पडतात. अशा वेळी पोपट ताणून किंवा दाबून बसवले की सगळा काठ खोटा दिसू लागतो. बेरीज न जुळण्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की फुलदाणीमागे कापडाला घडी पडली आहे आणि साधारण अर्धा पोपट त्या घडीत गेला आहे. घडी काठापुरती क्वचितच असते, तेव्हा ती फुलदाणीच्या वर साडीच्या अंगात शोधावी. तिथे सावलीची रेघ किंवा अचानक तुटलेली बुट्ट्यांची ओळ सापडते. ती रेघ खाली काठापर्यंत न्यावी, डावीकडचे पोपट डावीकडून आणि उजवीकडचे उजवीकडून त्या रेघेपर्यंत भरत आणावेत आणि नक्षी तिथेच तुटू द्यावी. घडीत तुटलेला पोपट खरा वाटतो. सपाट कापडावर आक्रसलेला पोपट मात्र कधीच खरा वाटत नाही.

पट्ट्यांना हाच नियम लागू पडतो. चौकडीत तो दोनदा लावावा लागतो, कारण उभ्या आणि आडव्या रेघा घडीवर वेगवेगळ्या वळतात. आधी रंगांचा क्रम वाचून घ्यावा. जाड लाल, बारीक पांढरी, बारीक काळी असा क्रम असेल तर तो उलट्या बाजूने तसाच येत नाही. मग पेन टूलने प्रत्येक जाड रेघेची कड दोन्ही बाजूंनी आत वाढवत नेऊन जोडावी. पेन टूलने आखलेल्या या वाटा जुळल्यावर क्लोन स्टॅम्पमध्ये `Aligned` चालू ठेवून `Alt` दाबून दोन रेघांच्या छेदावर क्लिक करावे आणि पहिला ठसा वाटांनी दाखवलेल्या छेदावरच उमटवावा. ब्रशचा कठीणपणा 80 ते 90 टक्के असावा. मऊ ब्रशने रेघेची कड दुहेरी होते. रेघा वाकत असतील तर तुकडा वॉर्पने वाटांवर बसवावा.

नक्षी जुळल्यानंतर उजेडाचे काम उरते. काढलेल्या वस्तूची सावली कापडावर राहिली असेल तर तीही काढावी लागते. जरीवरची तीच चमक तीन पोपटांवर त्याच जागी दिसली तर नक्कल पकडली जाते. म्हणून भरलेल्या भागावर 50 टक्के करड्या रंगाचा, सॉफ्ट लाइटवर ठेवलेला लेयर घ्यावा आणि त्यावर कुठे उजळ, कुठे गडद करत चमक बाजूच्या काठातल्या क्रमाशी मिळवावी. धूप-छाव रेशमात आणखी एक पेच असतो. ताणा आणि बाणा वेगळ्या रंगांचे असल्यामुळे घडी वळली की रंगच बदलतो, त्यामुळे तुकडा शक्यतो त्याच दिशेला वळलेल्या भागातून घ्यावा.

तपासताना चित्र आडवे उलटवून पाहिले की नजर नवी होते आणि तुटलेली रेघ चटकन दिसते. बारीक पट्टे 100 टक्क्यांवरच तपासावेत, कारण चित्र लहान करून पाहताना पडद्यावर खोट्या लाटा उमटतात आणि त्या दुरुस्त करण्यात वेळ जातो. वर कर्व्हजचा तात्पुरता लेयर टाकून कॉन्ट्रास्ट खूप वाढवला की सांधे उघडे पडतात.

नक्षी पुन्हा पुन्हा येणारी असेल तरच ही पद्धत चालते. पदरावरचा एकटा मोर अर्धा झाकला असेल, तर उरलेला अर्धा मोजून काढता येत नाही. तेव्हा त्याच साडीचा दुसरा भाग किंवा त्याच वेळी काढलेले दुसरे छायाचित्र शोधावे. काठाच्या बाबतीत हे सोपे असते, कारण साडीच्या दोन्ही काठांवर नक्षी बहुधा एकच असते आणि झाकलेला पोपट दुसऱ्या काठावर पूर्ण मिळू शकतो.