कोटेशनला अटींसह होकार देताना: ‘कन्फर्म’ लिहिण्याआधी वाचा
(आमच्या कार्यालयाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

तुरीचा हंगाम जवळ आला की डाळमिलवाले आमच्याकडे जी कागदं घेऊन येतात ती बहुतेक एकाच तऱ्हेची असतात. मशिनरीवाल्याचं कोटेशन, त्यावर व्हॉट्सॲपवर टाकलेलं उत्तर, आणि सोबत तक्रार: "आम्ही तर अट घातली होती." अट घातलेली असते, हे खरं. पण ती अशा शब्दांत घातलेली असते की समोरच्याला ती विनंती वाटते, आणि होकार मात्र पक्का वाटतो. हे पत्रक तेवढ्याच मुद्द्यावर आहे.

एक उदाहरण धरू. लातूर एमआयडीसीतल्या एका मिलला सॉर्टेक्स मशीन घ्यायचंय. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाहेरच्या राज्यातल्या पुरवठादाराचं कोटेशन आलं. किंमत 12 लाख रुपये, जीएसटी आणि भाडं वेगळं. 40 टक्के ॲडव्हान्स, उरलेले 60 टक्के मशीन रवाना होण्याआधी. डिलिव्हरी ॲडव्हान्स मिळाल्यापासून 6 ते 8 आठवड्यांत. कोटेशन 15 दिवस लागू.

मालकांना भाव पटला, दोन गोष्टी खटकल्या. नवी तूर आडतीवर यायच्या आधी, 10 डिसेंबरपर्यंत मशीन मिलमध्ये पोहोचायला हवं. आणि सगळे पैसे आधीच गेले तर मशीन नीट चाललं नाही म्हणून बोलायला तोंड कुठं राहतं? म्हणून 10 टक्के, म्हणजे 1 लाख 20 हजार, ट्रायलनंतर द्यायचे. मग उत्तर गेलं:

"ओके सर, ऑर्डर कन्फर्म. फक्त मशीन 10 डिसेंबरच्या आत पाठवा आणि 10% पेमेंट ट्रायल झाल्यावर करू. प्रोफॉर्मा पाठवा."

पुरवठादाराच्या बाजूनं हे वाचून बघा. पहिल्याच वाक्यात ऑर्डर पक्की झाली. पुढचं ‘फक्त’ म्हणजे गिऱ्हाइकाची इच्छा, जमलं तर बघू. शेवटी प्रोफॉर्मा मागितला, म्हणजे व्यवहार पुढे निघाला. उद्या वाद झाला तर तो म्हणणार की होकार बिनशर्त होता आणि बाकीची नुसती विनंती होती. आपण म्हणणार ती अट होती. दोन्ही अर्थ निघू शकतात, आणि तोच धोका आहे.

कायदा काय म्हणतो

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 प्रमाणे प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असेल तरच करार होतो. आपण अट घातली तर तो स्वीकार नसतो, आपण उलट नवा प्रस्ताव दिलेला असतो. तो समोरच्यानं मान्य केला की त्या अटींवर करार होतो, एरवी होत नाही. व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर ठरलं म्हणून करार कच्चा राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 10अ नं तो प्रश्न मिटवलाय.

यात एक किंमत मोजावी लागते आणि ती आधीच माहीत असावी. आपण नवा प्रस्ताव दिला की जुनं कोटेशन नाकारल्यासारखं होतं. पुरवठादारानं आपल्या अटी धुडकावल्यावर "बरं, मग तुमच्याच अटींवर 12 लाखांना द्या" असा हक्क आपल्याला राहत नाही. पंधरा दिवसांची मुदत शिल्लक असली तरी तो 13 लाख मागू शकतो. म्हणून भाव हातचा जाऊ द्यायचा नसेल तर आधी नुसती चौकशी करा: "10 डिसेंबरपर्यंत मशीन देता येईल का? 10 टक्के ट्रायलनंतर चालतील का? ही फक्त विचारणा आहे, कोटेशनवर निर्णय नंतर कळवू." विचारण्यानं कोटेशन मरत नाही. आमच्या मते दहापैकी आठ वेळा हाच रस्ता बरा.

अट घालायचीच असेल तर

अट आधी, होकार नंतर, आणि होकार अटीला बांधलेला. त्याच मालकांनी असं लिहायला हवं होतं:

"आपलं कोटेशन (क्रमांक व तारीख) मिळालं. ते आम्ही जसंच्या तसं स्वीकारत नाही. पुढील दोन अटी आपण लेखी मान्य केल्या तरच आमची खरेदी ठरेल: (1) मशीन 10 डिसेंबरपर्यंत आमच्या मिलमध्ये पोहोचेल. (2) 40 टक्के ॲडव्हान्स, 50 टक्के रवानगीआधी, आणि 10 टक्के आमच्या मिलमध्ये ट्रायल समाधानकारक झाल्यावर 7 दिवसांत. बाकी अटी कोटेशनप्रमाणे. आपला लेखी होकार येईपर्यंत ही ऑर्डर समजू नये व काम सुरू करू नये. शुक्रवारी संध्याकाळी 5 पर्यंत होकार न आल्यास हा प्रस्ताव रद्द समजावा."

‘समाधानकारक’ या शब्दावरही पुढे भांडण होतं. ताशी किती क्विंटल माल निघाला आणि त्यात डागी दाणा किती टक्के राहिला, हे पुरवठादाराशी बोलून आकड्यात लिहा. ‘शुक्रवार’च्या पुढे तारीख घाला. ‘कन्फर्म’, ‘पक्कं समजा’, ‘जमलं’ यातला एकही शब्द या उत्तरात नको, आणि खरेदी ऑर्डरचा नंबरही इतक्यात द्यायचा नाही.

उत्तर बरोबर गेलं, तरी इथं घसरतं

पुरवठादार सहसा "अटी मान्य" असं लिहीतच नाही. तो प्रोफॉर्मा इनव्हॉइस पाठवतो, आणि खाली बारीक अक्षरांत जुनंच: 60 टक्के रवानगीआधी, डिलिव्हरी 6 ते 8 आठवडे. ही आपल्या अटींना मान्यता नव्हे, हा त्याचा पुन्हा नवा प्रस्ताव आहे. त्यावर आपल्या मुनीमजींनी 4 लाख 80 हजारांचा आरटीजीएस मारला की आपण कृतीनं तो स्वीकारला असं धरलं जाऊ शकतं. कलम 8 म्हणतं की प्रस्तावातली अट पार पाडणं हाही स्वीकारच. शब्दांत कमावलेलं असं बँकेच्या स्लिपवर जातं. म्हणून प्रोफॉर्मा आला की पैशांआधी आपल्या दोन अटी त्यात शोधा. नसतील तर दुरुस्त प्रोफॉर्मा मागवा, आणि तो येईपर्यंत ॲडव्हान्स थांबवा. कोटेशनच्या दुसऱ्या प्रतीवर ‘स्वीकारले’च्या खाली सही-शिक्का मारून पाठवण्याची सवयही तशीच घातक.

अंगठ्याच्या चिन्हाबद्दल ग्राहक हसून विचारतात. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्यानं जवसाच्या कराराच्या फोटोवर मोबाइलवरून 👍 पाठवला होता. 2023 मध्ये तिथल्या न्यायालयानं तो होकार धरला आणि माल न दिल्याबद्दल भरपाई द्यायला लावली. आपल्याकडच्या न्यायालयांना तो निकाल बंधनकारक नाही, पण पुरवठादाराचा वकील तो दाखवणार नाही असं समजू नका. मिलचा मोबाइल मुलाच्या हातात असेल तर त्याला सांगून ठेवा: कोटेशनवर चिन्हं टाकायची नाहीत.

फोनवर ठरलं असेल तर त्याच दिवशी वरच्या नमुन्याप्रमाणे लिहून पाठवा आणि "फोनवर बोलल्याप्रमाणे" एवढ्यावर भागवू नका, कारण फोनवर काय बोललो यावरच पुढे दोघांचं जमत नाही. आणि समोरच्यानं काहीच न कळवता मशीन पाठवून दिलं तर ट्रकवाल्याच्या पावतीवर सही करण्याआधी आम्हाला फोन करा. तिथं कुणाच्या अटी लागू झाल्या हे प्रकरणागणिक बदलतं, पत्रकातून सांगता येणार नाही.

उत्तराचा मसुदा आमच्याकडून बघून घ्यायचा असेल तर कोटेशनची सगळी पानं आणा, मागची बाजू छापील असेल तर तीसुद्धा. व्हॉट्सॲपवरचा संवाद पहिल्या संदेशापासून असावा, मधले संदेश डिलीट करू नका.